बॅकअप निघाला, पण पोहोचला नाही: एका दुकानमालकाच्या संदेशाचा प्रकरण अभ्यास

महिन्याच्या १२ तारखेला दुपारी एका ऑनलाइन दुकानाच्या मालकांचा संदेश आमच्या होस्टिंगच्या मदतकक्षात आला. त्यात एकच वाक्य होते: ‘आमचा रात्रीचा बॅकअप स्टोरेजवर जात नाही, कृपया तातडीने दुरुस्त करावे.’ हे प्रकरण मीच हाताळले. त्या एका वाक्यापासून खऱ्या कारणापर्यंतचा प्रवास आणि त्यात मालकांच्या दुसऱ्या संदेशाचा वाटा मला सविस्तर नोंदवून ठेवावासा वाटतो.

आधी त्या दुकानाची मांडणी सांगतो. दुकान आमच्याकडच्या एका स्वतंत्र आभासी सर्व्हरवर चालत होते. रोज पहाटे २.३० वाजता, ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून एक स्क्रिप्ट सुरू होई. ती डेटाबेसची प्रत काढून एका दाबलेल्या फाइलमध्ये /srv/backup या फोल्डरमध्ये ठेवी आणि मग ती फाइल, दूरच्या यंत्रावर फाइली पाठवणारी rsync ही आज्ञा वापरून दुसऱ्या एका कंपनीकडे भाड्याने घेतलेल्या लहानशा स्टोरेज सर्व्हरवर पाठवी. प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, कारण आमच्याकडे काही बिघडले तरी ती सुरक्षित राहते. मात्र त्यामुळे वाटेत दोन कंपन्या आल्या आणि त्या दोघींना एकमेकींच्या बाजूचे काहीही दिसत नव्हते. दोन्ही बाजू दिसणारी व्यक्ती एकच होती, ती म्हणजे मालक.

‘बॅकअप जात नाही’ या तीन शब्दांमागे निदान सहा वेगवेगळी कारणे असू शकतात. प्रतच तयार झाली नसेल, स्टोरेज सर्व्हरचे नाव सापडत नसेल, नाव सापडूनही जोडणी होत नसेल, जोडणी होऊन दूरच्या सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या ssh ची किल्ली नाकारली जात असेल, किल्ली चालूनही फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसेल, किंवा तिथली जागा संपली असेल. यातल्या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, आणि बहुतेकांमध्ये आमच्या बाजूने करण्यासारखे काही नसते. म्हणून मी उलट टपाली चार गोष्टी विचारल्या: अडचण नेमकी कोणत्या पायरीवर येते, पडद्यावर अक्षरशः कोणती ओळ उमटते, ती ओळ यायला किती वेळ लागतो, आणि शेवटची प्रत व्यवस्थित पोहोचल्यानंतर कुठे काय बदलले. अर्ध्या तासात आलेले उत्तर, फक्त ओळख पटेल असा तपशील बदलून, खाली देत आहे. पत्ते आणि नावे उदाहरणासाठी राखीव असलेल्यांपैकी आहेत.

‘नमस्कार. आपण विचारल्याप्रमाणे सविस्तर लिहीत आहे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर आहे आणि बॅकअप त्या घड्याळाप्रमाणे पहाटे २.३० वाजता सुरू होतो. प्रत तयार होण्यात अडचण नाही. आजची फाइल सर्व्हरवर आहे आणि तिचा आकार नेहमीसारखाच आहे. ती स्टोरेजवर पाठवण्याची पायरी अपयशी ठरते. रात्रीची नोंद आमच्याकडे उरत नाही, म्हणून आज दुपारी मी rsync ची आज्ञा हाताने चालवली, तेव्हा पुढील ओळी आल्या:

```
ssh: connect to host backup.example.net port 22: Connection timed out
rsync: connection unexpectedly closed (0 bytes received so far) [sender]
```

आज्ञा दिल्यापासून पहिली ओळ येईपर्यंत दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ गेला. स्टोरेजवर पोहोचलेली शेवटची फाइल ३ तारखेच्या पहाटेची आहे. स्टोरेज सर्व्हर चालू आहे. त्या कंपनीच्या पॅनेलमधील कन्सोलमधून मला आत जाता येते, आणि आपल्या सर्व्हरवरून ping केल्यास उत्तरही येते. मी घरच्या संगणकावरूनही ssh करून पाहिले, तेव्हा हाच संदेश आला. स्क्रिप्ट, किल्ली किंवा पासवर्ड यांत आम्ही कित्येक महिन्यांत काहीही बदललेले नाही. ३ तारखेला संध्याकाळी आपण आमचा सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला होता. संकेतस्थळाचा आयपी पत्ता मात्र पूर्वीचाच, 198.51.100.12 हाच आहे, याची मी खात्री करून घेतली. आपल्याकडून बाहेर जाणारे पोर्ट २२ बंद झाले असावे, असे मला वाटते. तसे असल्यास ते उघडावे, आणि नसल्यास जोडणी कुठपर्यंत जाते ते कळवावे. किल्ली सोबत जोडलेली नाही. ती लागणार असल्यास आधी कारण कळवावे.’

मदतकक्षात काम करणाऱ्याला असा संदेश क्वचितच मिळतो. यातला मालकांचा तर्क पुढे चुकीचा ठरला, पण त्याने काहीच बिघडले नाही, कारण त्यांनी तर्क आणि पाहिलेली वस्तुस्थिती वेगवेगळ्या वाक्यांत ठेवली होती. ‘तुम्ही पोर्ट बंद केले आहे’ एवढेच त्यांनी लिहिले असते, तर आम्ही आमची फायरवॉल पाहून ‘पोर्ट उघडे आहे’ असे उत्तर दिले असते, आणि त्यातच एक-दोन दिवस गेले असते. किल्ली न जोडण्याची त्यांची खबरदारीही अगदी योग्य होती. जोडणीच होत नसेल तर किल्लीची पाळी येतच नाही, म्हणून या टप्प्यावर ती मागणाऱ्यानेच आधी कारण द्यायला हवे.

पण निदानाला हात घालण्याआधी मला एक शंका आली आणि मी ती त्याच क्षणी फोनवर विचारली: स्टोरेज सर्व्हरवरच्या जुन्या फाइली कोण पुसते? उत्तर मला भीती होती तेच मिळाले. स्टोरेज सर्व्हरवर स्वतःचा क्रॉन होता आणि तो दर रात्री चौदा दिवसांपेक्षा जुन्या फाइली काढून टाकत होता. नवीन प्रती येत असतात तोवर हा नियम निरुपद्रवी असतो, कारण रोज एक फाइल येते आणि एक जाते. पण येणे थांबले तरी जाणे थांबत नाही. ३ तारखेला तिथे चौदा प्रती होत्या. त्यानंतर नऊ रात्री एकही नवीन प्रत आली नाही आणि रोज एक पुसली गेली, म्हणून १२ तारखेला पाचच उरल्या होत्या. आणखी पाच रात्रींनी, म्हणजे १७ तारखेला, ते स्टोरेज रिकामे झाले असते, तेही कोणतीही चूक न दाखवता आणि प्रत्येक स्क्रिप्टने आपापले काम चोख बजावत. मी मालकांना पहिले काम म्हणून कन्सोलमधून तो क्रॉन थांबवायला सांगितले. जोडणीचे कारण तासाभराने कळले तरी चालते, पण पुसलेली फाइल परत आणता येत नाही.

आता संदेशातली ती ओळ पाहू. Connection timed out आणि Connection refused या दोन ओळी वरवर पाहता एकाच जातीच्या वाटतात, पण त्यांचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे पलीकडून कोणीतरी उत्तर दिले, आणि ते उत्तर नकाराचे होते: यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, किंवा एखाद्या फायरवॉलने उघडपणे नाही म्हटले. ते उत्तर क्षणार्धात येते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली, पण उत्तरच आले नाही. लिनक्सच्या ६.५ पूर्वीच्या कर्नलच्या नेहमीच्या मांडणीत जोडणीची पहिली हाक अनुत्तरित राहिली तर ती आणखी सहा वेळा मारली जाते. दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट होत जातो: १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ सेकंद, मिळून १२७. म्हणूनच मालकांनी लिहिलेले ‘दोन मिनिटांहून किंचित अधिक’ हे शब्द माझ्यासाठी ओळीइतकेच बोलके होते. एखाद्या स्क्रिप्टने मध्येच घाई करून काम सोडले नव्हते. सर्व्हरने शेवटपर्यंत हाका मारल्या होत्या आणि त्या कोणीतरी शांतपणे गिळल्या होत्या. असे शांतपणे गिळणे हे बहुधा फायरवॉलचे लक्षण असते.

या ओळीत नसलेल्या गोष्टीही उपयोगाच्या होत्या. नाव सापडत नाही अशी तक्रार नव्हती, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस ठीक होते. परवानगी नाकारल्याचा उल्लेख नव्हता, म्हणजे किल्लीपर्यंत संवाद गेलाच नव्हता. दुपारीही तेच घडले, म्हणजे रात्रीच्या कुठल्या देखभालीशी त्याचा संबंध नव्हता. सहा शक्यतांपैकी एकच उरली: नाव सापडते, पण जोडणी होत नाही.

पिंगचे उत्तर येते, याने मालकांचा थोडा गोंधळ झाला होता. पिंग हा निराळ्या प्रकारचा निरोप आहे आणि फायरवॉलमध्ये त्याचा नियमही निराळा असतो. पिंगला उत्तर आले, यावरून यंत्र चालू आहे आणि तिथवर वाट आहे इतकेच कळते. पोर्ट २२ विषयी त्यातून काही कळत नाही. घरून केलेला प्रयत्न मात्र खऱ्या अर्थाने दिशाभूल करणारा निघाला. दोन ठिकाणांहून सारखीच चूक दिसली, तेव्हा दोष स्टोरेजचाच असणार, असा विचार कोणाच्याही मनात येईल. म्हणून मी विचारले, ‘याआधी घरून ही जोडणी कधी झाली होती का?’ मालकांनी आठवून सांगितले की त्यांनी ती पूर्वी कधी करून पाहिलीच नव्हती. जी चाचणी व्यवस्था धडधाकट असतानाही फसली असती, तिच्या फसण्यावरून बिघाडाचा माग लागत नाही. ती चाचणी मी बाजूला ठेवली.

मग आमच्या बाजूची तपासणी सुरू केली. सगळ्यात आधी मालकांचा तर्क पडताळला. त्यांच्याच सर्व्हरवरून आमच्या जाळ्याबाहेरच्या एका दुसऱ्या यंत्राच्या पोर्ट २२ वर जोडणी करून पाहिली, ती लगेच झाली. म्हणजे बाहेर जाणारे पोर्ट २२ बंद नव्हते. त्यानंतर सर्व्हरच्या तारेवर प्रत्यक्ष काय जाते आणि काय येते ते tcpdump लावून पाहिले आणि मालकांना पुन्हा एकदा तीच आज्ञा द्यायला सांगितले. अनावश्यक भाग वगळता पडद्यावर हे दिसले:

```
192.0.2.80.50412 > 203.0.113.40.22: Flags [S]
192.0.2.80.50412 > 203.0.113.40.22: Flags [S]
192.0.2.80.50412 > 203.0.113.40.22: Flags [S]
```

डावीकडे पाठवणारा, उजवीकडे स्टोरेज सर्व्हर. [S] म्हणजे जोडणीची हाक. उलट दिशेने एकही ओळ नाही. हाक आमच्याकडून बाहेर पडत होती, उत्तर येत नव्हते. इथवर अपेक्षेप्रमाणेच होते. पण डावीकडचा पत्ता वाचला आणि मी थांबलो. मालकांनी संदेशात आपला पत्ता 198.51.100.12 असा लिहिला होता, आणि इथे हाक मारणारा पत्ता 192.0.2.80 होता.

सर्व्हरला बाहेर जाताना कोणता पत्ता वापरायला सांगितले आहे, हे एका आज्ञेत कळते:

```
ip route get 203.0.113.40
203.0.113.40 via 192.0.2.1 dev eth0 src 192.0.2.80
```

शेवटचा src पुढचा पत्ता तो. आता चित्र स्पष्ट झाले. एका सर्व्हरला एकाहून अधिक पत्ते असू शकतात. बाहेरून येणारा ग्राहक ज्या पत्त्यावर येतो, त्याच पत्त्याने सर्व्हर स्वतः बाहेर जाईल असे नसते. बाहेर जाताना सर्व्हर साधारणपणे मुख्य वाटेला जोडलेला पत्ता लावतो. जुन्या यंत्रावर या सर्व्हरला एकच पत्ता होता, त्यामुळे येण्याचा आणि जाण्याचा पत्ता एकच असणे ओघानेच आले. ३ तारखेला आम्ही त्याला नव्या यंत्रावर हलवले तेव्हा नव्या यंत्राच्या मांडणीप्रमाणे त्याला 192.0.2.80 हा मुख्य पत्ता मिळाला, आणि संकेतस्थळ बंद पडू नये म्हणून जुना पत्ता जोडपत्ता म्हणून सोबत ठेवला गेला. ग्राहक जुन्याच पत्त्यावर येत राहिले, दुकान क्षणभरही थांबले नाही, आणि डीएनएसमध्ये पाहणाऱ्याला पत्ता बदललेला दिसण्याचे काही कारण नव्हते. मालकांनी खात्री करून घेतली होती ती खरीच होती, पण ती येण्याच्या पत्त्याची होती.

उरलेला दुवा फोनवर जोडला गेला. मी विचारले, ‘स्टोरेजच्या कंपनीच्या पॅनेलमध्ये फायरवॉल लावलेली आहे का?’ मालकांना ते ठाऊक नव्हते. ज्याने ही व्यवस्था बसवून दिली, त्याच्याकडेच तो भाग होता. पॅनेल उघडून पाहिल्यावर दोन नियम सापडले. पिंग सर्वांसाठी खुले होते, आणि पोर्ट २२ फक्त 198.51.100.12 या एका पत्त्यासाठी. बाकी कोणी पोर्ट २२ वर आले तर त्याला उत्तर न देता हाक टाकून द्यायची. पिंग का चालत होते, घरून का चालत नव्हते आणि ३ तारखेनंतरच सर्व्हरवरून का चालेनासे झाले, या तिन्हींचे उत्तर त्या दोन ओळींत होते.

तरीही पुराव्याशिवाय कारण जाहीर करणे मला पटत नाही. किल्ली न मागता पुरावा मिळवता येत होता. जुन्या पत्त्यावरून मुद्दाम हाक मारून पाहिली:

```
nc -vz -w 10 -s 198.51.100.12 backup.example.net 22
```

जोडणी एका क्षणात झाली. -s आणि त्यापुढचा पत्ता काढून तीच आज्ञा दिली, तेव्हा दहा सेकंद थांबून ती फसली. दोन्ही वेळा सर्व्हर तोच, पोर्ट तेच, वाटही तीच होती. फरक फक्त निघण्याच्या पत्त्याचा होता. एवढे झाल्यावरच मी मालकांना कारण लेखी कळवले. त्याच उत्तरात हेही मान्य केले की सर्व्हर हलवण्याच्या आमच्या सूचनेत ‘संकेतस्थळाचा पत्ता बदलणार नाही’ एवढेच होते आणि बाहेर जाण्याचा पत्ता बदलेल हे कुठेही लिहिलेले नव्हते. सूचनेतले वाक्य खोटे नव्हते, पण ते वाचून मालकांनी काही करायचे नाही असे ठरवले, आणि तसे ठरवण्यात त्यांची काहीही चूक नव्हती.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. मालकांची पहिली मागणी अशी होती की आम्ही बाहेर जाण्याचा पत्ता पूर्ववत करावा. ते शक्य होते, पण मी ते सुचवले नाही. नव्या यंत्रावर सर्व्हरची जाळ्याची मांडणी आमच्या प्रणालीकडून आपोआप लिहिली जाते, आणि हाताने केलेला बदल पुढच्या एखाद्या हालचालीत पुसला जाण्याची शक्यता होती. तसे झाले असते तर हेच प्रकरण पुन्हा अगदी याच शांततेत घडले असते. दुसरा मार्ग म्हणजे ssh च्या मांडणीत BindAddress लिहून फक्त या कामासाठी जुना पत्ता वापरायचा. हा वाईट मार्ग नाही. पुढे तो पत्ता काढून घेतला गेला तर चूक लगेच आणि स्पष्ट शब्दांत दिसते, दोन मिनिटांच्या शांततेनंतर नाही. तिसरा मार्ग सर्वांत सरळ होता: स्टोरेजच्या फायरवॉलमध्ये नवा पत्ता जोडायचा आणि जुनाही राहू द्यायचा. तो पत्ता या एकाच सर्व्हरचा आहे, आमच्या दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाचा नाही, हे मी आधी लेखी दिले. सामायिक होस्टिंगवर बाहेर जाण्याचा पत्ता पुष्कळदा अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, आणि तिथे एक पत्ता खुला करणे म्हणजे शेजाऱ्यांनाही दारापर्यंत येऊ देणे होते. या सर्व्हरच्या बाबतीत तसे नव्हते, म्हणून तिसरा मार्ग घेतला. मध्येच मालकांनी पोर्ट २२ सर्वांसाठीच खुले करावे का असे विचारले. काम त्याने झाले असते, पण बॅकअपच्या दारावरचा पहारा कायमचा काढण्याचे काही कारण नव्हते.

बाहेर जाण्याचा पत्ता बदलला की त्याचा परिणाम बॅकअपपुरता राहत नाही, म्हणून आणखी दोन ठिकाणे तपासली. ऑर्डरच्या ईमेल थेट सर्व्हरवरून जात असत्या, तर डोमेनच्या नावाने कोणते पत्ते ईमेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत नवा पत्ता नसल्याने त्या संशयास्पद ठरू शकल्या असत्या. पण त्या एका स्वतंत्र ईमेल सेवेमार्फत जात होत्या, त्यामुळे तिथे नुकसान नव्हते. पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडेही पत्त्याची यादी लावलेली नव्हती.

नियम जोडताच rsync चालला आणि सर्व्हरवर होत्या त्या चार फाइली स्टोरेजवर गेल्या. चारच का, हा प्रश्न मालकांनी विचारला, आणि त्याचे उत्तर मला या प्रकरणातली सर्वांत वेदनादायक गोष्ट वाटते. त्यांच्या स्क्रिप्टच्या शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

```
rsync -a /srv/backup/ backup@backup.example.net:/data/ >/dev/null 2>&1
find /srv/backup -name '*.gz' -mtime +3 -delete
```

पहिल्या ओळीच्या शेवटचा भाग जे काही सांगायचे ते सगळे शून्यात टाकतो, चुकीचा संदेशसुद्धा. म्हणूनच रात्रीची नोंद उरत नव्हती. दुसरी ओळ पहिलीचे काय झाले हे न विचारता चालते. -mtime +3 मध्ये वय पूर्ण दिवसांत मोजले जाते, त्यामुळे चार पूर्ण दिवस झालेली फाइल पुसली जाते. १२ तारखेच्या पहाटे प्रत पाठवणे फसले, आणि तरी काही मिनिटांतच ८ तारखेची फाइल सर्व्हरवरून गेली. उरल्या ९, १०, ११ आणि १२ तारखेच्या प्रती. ४ ते ८ या पाच दिवसांच्या प्रती कुठेच नव्हत्या, ना सर्व्हरवर, ना स्टोरेजवर.

आणि मालकांना हवी होती ती प्रत नेमकी त्याच पोकळीत होती. ६ तारखेला दुपारी मालाची यादी एका फाइलमधून चढवताना स्तंभ सरकला होता आणि शेकडो वस्तूंच्या वर्णनांवर चुकीचा मजकूर बसला होता. तो १२ तारखेला लक्षात आला, ६ तारखेच्या पहाटेची प्रत आणायला ते स्टोरेजवर गेले, आणि तेव्हाच बॅकअप थांबल्याचे त्यांना कळले. ९ तारखेपासूनच्या प्रतींमध्ये चुकीचीच वर्णने होती. उरली ३ तारखेची प्रत. ती संपूर्ण परत लावली असती तर मधल्या नऊ दिवसांच्या ऑर्डर गेल्या असत्या, म्हणून ती एका वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडली आणि त्यातून फक्त वर्णनांचा मजकूर वस्तूंच्या क्रमांकांनुसार चालू दुकानात आणला. ३ ते ६ तारखेदरम्यान त्यांनी नव्याने लिहिलेली वर्णने मात्र परत मिळाली नाहीत. ती त्यांनी पुन्हा बसून लिहिली.

स्क्रिप्ट मालकांच्या सांगण्यावरून बदलली, ती अशी:

```
set -eu
rsync -a -e 'ssh -o BatchMode=yes -o ConnectTimeout=20' \
  /srv/backup/ backup@backup.example.net:/data/
find /srv/backup -name '*.gz' -mtime +3 -delete
```

set -e मुळे पाठवणे फसले की स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पुसण्याची ओळ चालतच नाही. चुकीचा संदेश आता शून्यात जात नाही, त्यामुळे क्रॉन तो ईमेलने पाठवतो. त्यासाठी क्रॉनच्या फाइलमध्ये MAILTO लावले. याची एक किंमत आहे आणि ती मी मालकांना सांगितली: पाठवणे बरेच दिवस फसत राहिले तर फाइली सर्व्हरवर साचतील आणि शेवटी डिस्क भरेल. ईमेलकडे दुर्लक्ष झाले तर दुकानच बंद पडू शकते. म्हणून केवळ सर्व्हरच्या ईमेलवर विसंबलो नाही. स्टोरेज सर्व्हरवर रोज सकाळी ६ वाजता एक तपासणी लावली: गेल्या २६ तासांत एकही नवीन फाइल आली नसेल तर कळवायचे. पाठवणारा सर्व्हर पूर्ण गप्प झाला, त्याचा क्रॉनच बंद पडला, तरी ही तपासणी बोलते, कारण ती पोहोचलेल्या वस्तूकडे पाहते.

स्टोरेजवरचा पुसण्याचा नियमही बदलला. वयाऐवजी संख्या धरली:

```
ls -1t /data/*.gz | tail -n +15 | xargs -r rm --
```

सर्वांत नव्या चौदा फाइली राहू द्यायच्या आणि त्यापलीकडच्या काढायच्या. नवीन प्रती येणे थांबले तर या नियमाला काढण्यासारखे काही सापडत नाही, आणि शेवटच्या चौदा प्रती महिनाभरही जशाच्या तशा राहतात. फाइलींच्या नावांत मोकळी जागा नसली आणि एका रात्री एकच फाइल येत असली, तरच ही ओळ अशी साधी ठेवता येते. या दुकानात दोन्ही अटी पूर्ण होत होत्या.

आमच्या बाजूने सर्व्हर हलवण्याच्या सूचनेच्या मसुद्यात दोन ओळी वाढवल्या. एकीत ग्राहक ज्या पत्त्यावर येतात तो, आणि दुसरीत सर्व्हर ज्या पत्त्याने बाहेर जातो तो, दोन्ही जुने आणि नवे असे आकड्यांत लिहायचे. ज्यांच्या सर्व्हरचा बाहेर जाण्याचा पत्ता त्याच हालचालीत बदलला होता, त्या इतर ग्राहकांनाही १३ तारखेला वेगळे पत्र गेले.

मालकांनी तक्रार लगेच बंद करू दिली नाही. १३ आणि १४ तारखेच्या पहाटेच्या प्रती पोहोचल्या, तरी त्यांचे म्हणणे होते की चांगले चालते हे दिसले, पण बिघडले तर कळेल हे अजून दिसलेले नाही. १४ तारखेला दुपारी त्यांनी फायरवॉलमधला नवा पत्ता स्वतः काढला आणि क्रॉनमध्ये त्या दिवसापुरती एक जादा वेळ घातली. जोडणीची हाक सुरू झाल्यावर वीस सेकंदांनी स्क्रिप्ट थांबली, Connection timed out ही ओळ त्यांच्या ईमेलमध्ये आली, आणि /srv/backup मधल्या फाइलींपैकी एकही पुसली गेली नव्हती. त्यांनी पत्ता परत जोडला, जादा वेळ काढली, आणि १५ तारखेच्या सकाळी त्या पहाटेच्या फाइलचे नाव व आकार लिहून तक्रार बंद करण्यास सांगितले.